गच्चीवरची वांगी आणि फेरोमोन ट्रॅप : आठ महिन्यांनंतर

सहा ग्रो बॅगा, प्रत्येकीत वांग्याचं एक झाड आणि त्यांच्यामध्ये टांगलेला एक फेरोमोन ट्रॅप, म्हणजे मादीच्या गंधानं नर पतंगांना ओढून पकडणारा सापळा. या संसाराला आता आठ महिने झाले. ट्रॅप घ्यावा का, असं कोणी विचारलं तर मी 'घ्या' म्हणेन, पण त्यानं वांग्याचे शेंडे आणि फळं पोखरणारी अळी जाईल म्हणून नव्हे.

आधी फुलगळीबद्दल, कारण तिथे माझा अंदाज साफ चुकला होता. झाडं फुलांनी लगडली आणि रोज सकाळी बॅगेत जांभळा सडा पडायला लागला. मी सगळं खापर अळीवर फोडलं. मग एकदा गळलेली फुलं गोळा करून नीट पाहिली. वांग्याच्या फुलात मधोमध पिवळ्या परागकोषांचा शंकू असतो. त्याच्या टोकातून हिरवट कुक्षी बाहेर डोकावत असेल, तर त्या फुलाला फळ धरू शकतं. ती आतच दडलेली असेल तर फूल बहुधा गळणारच. माझी बहुतेक फुलं दडलेल्या कुक्षीची निघाली. झाडावर ताण आला की अशी फुलं जास्त येतात, आणि माझ्या बॅगा दुपारपर्यंत तापून कोरड्याठाक पडत होत्या. पाणी सकाळ-संध्याकाळ विभागून दिलं, वर पाचटाचं आच्छादन केलं, नत्राचं खत थांबवलं. दोनेक आठवड्यांत कुक्षी बाहेर आलेली फुलं वाढली. थोड्या कळ्यांना मात्र खरंच बारीक भोक होतं आणि आत काळसर विष्ठा. त्या अळीच्या.

आता ट्रॅप. पहिले तीन आठवडे त्यात एकही पतंग नाही, आणि इकडे शेंडे माना टाकतायत! नंतर पाकीट वाचलं तर ल्युर, म्हणजे ट्रॅपमधली गंधाची कुपी, टोमॅटोवरच्या अळीची. प्रत्येक किडीचा गंध वेगळा असतो, त्यामुळे वांग्याच्या शेंडे व फळ पोखरणाऱ्या अळीचीच ल्युर लागते. योग्य ल्युर लावल्यावर पहिल्या आठवड्यात अकरा पतंग मिळाले : छोटे, पांढरे, पंखांवर तपकिरी-गुलाबी डाग. ट्रॅप झाडाच्या शेंड्याच्या थोडा वर ठेवला आणि झाडं वाढतील तसा उचलत गेले. ल्युर पाकिटावरच्या मुदतीनं बदलते.

पण हे सगळे नर. बाहेरून मिलन करूनच आलेली मादी ट्रॅपकडे ढुंकूनही पाहत नाही, सरळ पानांवर अंडी घालते. मोठ्या वावरात बरेच ट्रॅप लावले तर नर कमी होऊन उपयोग होत असेल. सहा बॅगांसाठी तो फक्त घंटा आहे. पतंग वाढले की पुढच्या आठवड्यात मी झाडं रोज तपासते, एवढाच त्याचा खरा उपयोग.

काम केलं ते कात्रीनं. भर उन्हात सगळं झाड सुकलेलं दिसलं तर ती तहान. पाणी देऊनही एखादाच शेंडा मान टाकून राहिला तर आत अळी. सुकलेल्या भागाच्या खाली दोन बोटं कापायचं आणि काप पाहायचा. गाभा पांढरा, भरीव असेल तर झालं, तपकिरी पोकळी दिसली तर आणखी खाली. पहिल्यांदा मी जिवावर येऊन फक्त टोक खुडलं आणि अळी खालच्या भागात तशीच राहिली. कापलेलं सगळं साबणाच्या पाण्यात बुडवते. कंपोस्टच्या डब्यात टाकलं तर अळी तिथेही कोष करू शकते.

फळांचं गणित उलटं आहे. अळी बहुतेकदा देठाच्या टोपीखालून शिरते आणि ते भोक भरून येतं. आपल्याला दिसणारं मोठं गोल भोक ती बाहेर पडल्याचं असतं. म्हणजे भोक दिसेपर्यंत ती खाली उतरून वाळक्या पानांत कोष करायला गेलेली असते. म्हणून आता वांगी कोवळी असतानाच तोडते, आणि दर रविवारी आच्छादन उलटून, बॅगेच्या दुमडलेल्या कडा आणि खालच्या ताटल्या साफ करते. पहिल्याच सफाईत एका कडेत राखाडी-तपकिरी चार कोष सापडले.

सहाव्या महिन्यात झाडं दमली, तेव्हा फूटभर ठेवून छाटली आणि शेणखत दिलं. नवी फूट जोमदार आली, पण कोवळे शेंडे अळीला फारच आवडतात. त्या तीन आठवड्यांत मी कापलेले शेंडे आधीच्या दोन महिन्यांपेक्षा जास्त होते. सगळी झाडं एकदम छाटायला नको होती, दोन-दोन करून छाटली असती तर लक्ष ठेवणं सोपं गेलं असतं. मधे कडुनिंबाचं तेलही फवारलं, पण अळी एकदा आत शिरली की तिला ते पोचतच नाही.

मागच्या तोडणीला तेवीस वांगी निघाली, त्यांतली तीन किडकी. सुरुवातीला निम्मी टाकून द्यावी लागायची. ट्रॅपमध्ये या आठवड्यात सात पतंग आहेत, तेव्हा उद्यापासून पुन्हा रोज शेंडे बघणं आलं.