तीन वर्षांत पीएचडी: राखीव वेळ वाटून ठेवायचा की साठवून?

यूजीसीच्या 2022 च्या नियमांनुसार पीएचडीला कोर्सवर्क धरून किमान तीन आणि कमाल सहा वर्षं मिळतात. म्हणजे तीन वर्षांत प्रबंध सादर करायचा असेल, तर नियमाने शक्य असलेला सगळ्यात कमी वेळ तुम्ही निवडताय. अध्ययन रजेवर आलेल्या प्राध्यापकांना बहुतेकदा दुसरा पर्यायही नसतो. अशा वेळी अडचणींसाठी राखलेला वेळ वेळापत्रकात नेमका कुठे ठेवायचा, यावर बरंच काही ठरतं.

एक उदाहरण घेऊ. 1 जुलै 2025 ला नोंदणी, विषय बीडमधून स्थलांतर करणारे ऊसतोड कामगार, आणि जून 2028 अखेर सादरीकरण. टोळ्या दिवाळीच्या सुमारास कारखान्यांकडे निघतात आणि मार्च-एप्रिलमध्ये परततात. पहिला हंगाम कोर्सवर्कमध्ये जातो, फार तर फडावर दोन फेऱ्या मारून प्रश्नावली तपासता येते. तिसऱ्या हंगामात माहिती गोळा केली तर लिहायला वेळच उरत नाही. म्हणून नोव्हेंबर 2026 ते मार्च 2027 हा एकच हंगाम हाताशी राहतो.

यासाठी दोन आराखडे करून पाहू. दोन्हींत राखीव वेळ सारखाच आहे, चौदा आठवडे. पहिल्यात सात टप्प्यांना दोन-दोन आठवडे वाटून दिलेत. दुसऱ्यात दोनच साठे आहेत: फील्डवर्कच्या आधी सप्टेंबर-ऑक्टोबर 2026 असे आठ आठवडे, आणि सादरीकरणाआधी सहा.

आता समजा, नैतिकता समितीने संमतिपत्र दुरुस्त करायला परत पाठवलं आणि पुढची बैठक दोन महिन्यांनी आहे. पहिल्या आराखड्यात दोन आठवडे लगेच संपतात आणि फील्डवर्क डिसेंबरच्या मध्यावर जातं. पाच महिन्यांच्या हंगामातला दीड महिना गेला. तो भरून काढणं अवघड, कारण दिवसभर तोडणी आणि मग गाडी भरणं चालू असतं. निवांत बोलणं होतं ते रात्री कोपीवर, म्हणजे त्यांच्या तात्पुरत्या झोपडीपाशी, तेही रोज नाही. पुढच्या टप्प्यांचे दोन-दोन आठवडे कागदावर शिल्लक असतात, पण एप्रिलमध्ये फडावर फारशी माणसंच उरत नाहीत. दुसऱ्या आराखड्यात हाच उशीर सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये जिरतो.

वाटून दिलेल्या वेळाची आणखी एक अडचण आहे. टप्पा वेळेत संपला तरी ते दोन आठवडे क्वचितच वाचतात. आपण संदर्भ वाचत राहतो. साठवलेला वेळ जपायला मात्र शिस्त हवी. तो साठा दिसायला मोठा असल्यामुळे आधीच्या कामातली ढिलाई त्याच्यावर ढकलायचा मोह होतो.

गाईडच्या वाचनाचं गणित यापेक्षा महत्त्वाचं आहे आणि तेच सगळ्यात जास्त चुकतं. एका प्रकरणाला गाईडचे तीन आठवडे, आपल्या दुरुस्तीचे दोन, पुन्हा गाईडचे दोन आणि अखेरचा हात फिरवायला एक, असे आठ आठवडे धरा. लिहायला सहा. फील्डवर्कनंतरची चार प्रकरणं एकामागून एक, मंजुरीची वाट पाहत लिहिली तर छप्पन आठवडे लागतात. एक प्रकरण सरांकडे असताना पुढचं लिहायला घेतलं तर चोवीस अधिक शेवटचे आठ, म्हणजे बत्तीस. एप्रिल ते जून 2027 मुलाखती उतरवण्यात जातील (तासाभराच्या मुलाखतीला पाच-सहा तास सहज लागतात), म्हणून जुलैपासून मोजलं तर फेब्रुवारी 2028 चा मध्य येतो. मार्चमध्ये पूर्ण मसुदा, एप्रिलच्या मध्यापर्यंत दुरुस्त्या, मग सहा आठवड्यांचा साठा आणि जूनमध्ये सादरीकरणपूर्व सेमिनार. छप्पन आठवड्यांचा हिशेब या तारखेत बसतच नाही. मात्र एकाच वेळी दोन प्रकरणं हाताळायला गाईड तयार आहेत का, हे आधी विचारून घ्या. सत्र परीक्षांच्या काळात, उत्तरपत्रिका तपासणी चालू असताना, तीनाचे पाच आठवडे होतात.

संशोधन सल्लागार समितीपुढे दर सत्रात उभं राहावंच लागतं. ती तारीख दोन्ही आराखड्यांत सारखीच वापरा: प्रगती अहवालाच्या तीन आठवडे आधी गाईडकडे काहीतरी लिखित पोहोचलेलं हवं. समितीने विषयाची व्याप्ती बदलायला सांगितली तर ते दुसऱ्या सत्रातच कळायला हवं, पाचव्यात नाही.

प्रयोगशाळेतलं काम असेल, किंवा हस्तलिखितं आणि दप्तरखान्यावर प्रबंध उभा असेल, तर हंगामाची खिडकी नसते आणि छोटे छोटे उशीरच जास्त होतात. तिथे मी वाटून ठेवलेला वेळ घेईन. माहिती वर्षातल्या ठरावीक महिन्यांतच मिळणार असेल, तर साठवलेलाच.

त्यातही एक तारीख आधीच ठरवून गाईडना सांगून ठेवा. 15 ऑक्टोबर 2026 ला नैतिकता समितीची परवानगी हातात नसेल, तर नमुना निम्म्यावर आणायचा की चौथं वर्ष घ्यायचं, हा निर्णय त्याच आठवड्यात व्हायला हवा. निम्मा नमुना चालणार असेल तर सल्लागार समितीची तशी लेखी मान्यता घ्या, कारण मूळ आराखड्यात मंजूर झालेली संख्या पुढे मौखिक परीक्षेत विचारली जाते.