‘मैं प्लास्टिक नहीं हूँ’ छापलेली पिशवी

पिशवीवर काय काय होतं ते आधी सांगते, कारण सगळी फसवणूक त्या छपाईतच होती. मधोमध हिरवं पान, त्याखाली ठळक ‘मैं प्लास्टिक नहीं हूँ’. मग ‘१००% बायोडिग्रेडेबल’, ‘अर्थ फ्रेंडली’ आणि तळाशी बारीक अक्षरात ‘आयएसओ ९००१ प्रमाणित’. बनवणाऱ्याचं नाव नाही, जाडी किती मायक्रॉन ते नाही, कसला प्रमाणपत्र क्रमांकही नाही.

आमचं इंदूरच्या सुदामा नगरातलं महिला मंडळ दिवाळीला फराळाच्या ऑर्डरी घेतं. मागच्या खेपेला ठरलं की पैसे थोडे जास्त गेले तरी चालतील, पण पिशवी मातीत मिसळणारी हवी. सियागंजातल्या एका ठोक दुकानदाराने साध्या पिशवीच्या जवळपास दुप्पट भाव लावला आणि म्हणाला, “दीदी, छह महीने में मिट्टी हो जाएगी.” आम्ही किलोवर माल उचलला.

तक्रार आली ती चकली-चिवड्याची नाही, पिशवीची. आमच्या एक काकू गच्चीत खत करतात. त्यांनी ती पिशवी खताच्या माठात टाकली होती. उन्हाळ्यात माठ उपसला तेव्हा पालापाचोळ्याची काळी माती झालेली आणि पिशवी अक्षरशः घडीसकट शाबूत! हिरवं पानसुद्धा दिसत होतं.

माझी भाची होम सायन्सला आहे. तिला ग्राहक अभ्यासाच्या असाइनमेंटसाठी एखाद्या जाहिरातीतला पर्यावरणाचा दावा तपासायचा होता, तर मी तिला ही पिशवीच दिली. तिने पहिल्याच फटक्यात मला गप्प केलं. “मावशी, माठात कुजली नाही एवढ्यावरून काही सिद्ध होत नाही.” आणि ते खरंच आहे. कंपोस्टेबल, म्हणजे खतात कुजणाऱ्या प्लास्टिकचं जे मानक आपल्याकडे मानलं जातं, आयएस/आयएसओ १७०८८, ते मोठ्या कंपोस्ट प्लांटसाठी आहे. तिथे ढिगाचं तापमान ५८ अंशांच्या आसपास असतं. त्या उष्णतेत १२ आठवड्यांनी दोन मिलिमीटरच्या चाळणीवर मूळ वजनाच्या दहा टक्क्यांहून जास्त तुकडे उरता कामा नयेत, आणि १८० दिवसांत निदान ९० टक्के कार्बनचा वायू व्हायला हवा. गच्चीतल्या माठात एवढी धग कुठून येणार? म्हणजे अस्सल पिशवीसुद्धा काकूंच्या माठात शाबूत राहू शकते. दुकानदारही नेमकं हेच बोलला: “घर में नहीं, प्लांट में गलती है.” बोलायला हुशार माणूस.

बरं, इंदूरचा ओला कचरा जातो कुठे? बराचसा देवगुराडियाच्या बायो-सीएनजी प्लांटला, जो २०२२ मध्ये रोज ५५० टन ओला कचरा घेण्याच्या क्षमतेने सुरू झाला. तिथे बंद टाकीत हवेविना कचरा कुजवून गॅस काढतात. १७०८८ ची चाचणी हवा खेळत्या, गरम ढिगाची आहे. दुकानदाराला “कोणता प्लांट?” एवढंच विचारलं असतं तरी त्याची पंचाईत झाली असती. जाहिरातीतल्या ‘विरघळते’, ‘मातीत मिसळते’ या शब्दांना नेहमी हेच तीन प्रश्न लावावेत: कुठे, किती दिवसांत, आणि शेवटी काय उरतं?

पण मग खोटी कशावरून? भाचीने स्वयंपाकघरातच एक चाचणी केली, ती कोणालाही जमेल. पिशवीचा नखाएवढा तुकडा कापायचा, दोन्ही बाजूंना भांड्याच्या साबणाचा थेंब चोळायचा म्हणजे हवेचे बुडबुडे चिकटून राहत नाहीत, आणि काचेच्या ग्लासात चमच्याने तळाशी नेऊन सोडायचा. साध्या पिशवीचं पॉलिथिन पाण्याहून हलकं असतं, ते वर येतं. कंपोस्टेबल पिशवी ज्या पॉलिमरची करतात ते, म्हणजे पीबीएटी, पीएलए आणि स्टार्चचं मिश्रण, पाण्याहून जड असतं, ते बुडतं. आमचा तुकडा सोडल्याबरोबर सुळकन वर आला. शेजारी दुधाच्या पिशवीचा तुकडा टाकला, तोही तसाच तरंगला.

या चाचणीची मर्यादाही सांगते. तरंगला तर दावा संशयास्पद, पण बुडला म्हणून अस्सल असं नाही. पॉलिथिनमध्ये चुन्याच्या दगडाची पूड भरपूर घातली तर तेही बुडतं, आणि स्वस्त पिशव्यांत अशी पूड असतेच. बुडालेल्या पिशवीचा कागद तपासावा लागतो.

तो कागद आम्ही मागितला. दुकानदाराने मोबाइलवर ‘सर्टिफिकेट’ म्हणून एक फाइल पाठवली. लेटरहेड प्रयोगशाळेचं, खाली शिक्का, सही. वाचून पाहिलं तर तो चाचणी अहवाल होता, प्रमाणपत्र नव्हे, आणि तपासला होता कच्च्या मालाचा दाणा, पिशवी नव्हेच. त्या दाण्यात पुढे काय मिसळलं, जाडी किती ठेवली, शाई कोणती लावली, त्याचा उल्लेख नाही. आणि ‘आयएसओ ९००१’? ते कारखान्याच्या कामकाजाच्या पद्धतीचं प्रमाणपत्र असतं, पिशवी कुजते की नाही याच्याशी त्याचा काडीचा संबंध नाही. तरी ते छापतात ते आपण दोन्ही आयएसओ एकच समजावेत म्हणूनच, असं माझं स्पष्ट मत आहे.

यात पैसा कुठे आहे, तेही कळलं. ३१ डिसेंबर २०२२ पासून साध्या प्लास्टिकची कॅरी बॅग १२० मायक्रॉनहून पातळ चालत नाही. कंपोस्टेबल पिशवीला जाडीची ही अट नाही. म्हणजे पातळ पॉलिथिनवर हिरवं पान छापलं की कमी मालात बंदीतून सुटका, वर दुप्पट भाव. खऱ्या कंपोस्टेबल पिशवीला मात्र विकण्याआधी केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाचं प्रमाणपत्र लागतं आणि बनवणाऱ्याचं नाव व प्रमाणपत्र क्रमांक पिशवीवर छापून किंवा क्यूआर कोडसारख्या मार्गाने द्यावे लागतात. ज्यांना प्रमाणपत्र मिळालंय त्यांची यादी मंडळाच्या संकेतस्थळावर आहे.

असाइनमेंटला लागेल म्हणून आणखी एक. १५ ऑक्टोबर २०२४ ला केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने अशा दाव्यांसाठी मार्गदर्शक तत्त्वं काढली आहेत. ‘इको-फ्रेंडली’, ‘ग्रीन’ असले मोघम शब्द पुरावा आणि खुलासा न देता वापरायचे नाहीत, आणि ‘कंपोस्टेबल’सारख्या नेमक्या दाव्याला विश्वासार्ह प्रमाणपत्र किंवा शास्त्रीय पुरावा हवा. तक्रार राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर, १९१५ ला करता येते. आम्ही बिल, पिशवीच्या दोन्ही बाजूंचे फोटो आणि ती ‘सर्टिफिकेट’ फाइल जोडून केली. बिल पक्कं घेतलं होतं म्हणून जमलं, नाहीतर सियागंजात ‘कच्चा चालेल ना?’ विचारतातच.

दुकानदाराने न उघडलेला गठ्ठा परत घेतला आणि पैसे पुढच्या खरेदीत वळते करतो म्हणाला, रोख दिले नाहीत. परवा त्याच्याकडे नवा माल दिसला. आता पिशवीवर प्रमाणपत्र क्रमांकही आहे. भाचीने तिथल्या तिथे मोबाइलवर मंडळाची यादी उघडली, तर तो क्रमांक गुजरातमधल्या भलत्याच कंपनीच्या नावावर निघाला, आणि पिशवीवरचं नाव यादीत कुठेच नव्हतं. ते फोटोही तक्रारीला जोडले आहेत.