फिक्स्ड की फ्लोटिंग: लातूरच्या एका हप्त्याचा हिशोब

लातूरच्या माझ्या मेहुण्यानं एप्रिल 2022 मध्ये 20 लाखांचं गृहकर्ज फ्लोटिंग, म्हणजे बदलत्या दरानं घेतलं. 7 टक्के, 20 वर्षं, हप्ता 15,506. फिक्स्ड, म्हणजे न बदलणाऱ्या दराचं कर्ज 9 टक्क्यांनी मिळत होतं, हप्ता 17,995. ते महाग वाटलं.

मग मे 2022 ते फेब्रुवारी 2023 मध्ये रेपो, म्हणजे रिझर्व्ह बँक बँकांना ज्या दरानं पैसे देते तो दर, 4 वरून 6.5 टक्क्यांवर गेला. त्याला जोडलेला मेहुण्याचा दर 9.5 झाला, हप्ता मात्र तोच राहिला, म्हणून तो निर्धास्त होता. पण आता महिन्याचं व्याजच हप्त्यापेक्षा जास्त होत होतं. मुद्दल फिटणं थांबलं! स्टेटमेंटमध्ये ‘मुद्दल’ आणि ‘उरलेली मुदत’ बघा, तिथंच हे कळतं.

फिक्स्डवाल्याला ही झळ नसते. दर उतरले तरी त्याचा हप्ता मात्र उतरत नाही, आणि मुदतीआधी फेडल्यास दंड लागू शकतो. फ्लोटिंगला तो नाही. सोयाबीनचे पैसे आले की मुद्दलात भरणाऱ्याला मी फ्लोटिंगच सांगेन.