आत्मकथनाच्या मुखपृष्ठावर बालपणीचा फोटो: संपूर्ण चित्र नव्याने घडवून घ्यावे की फक्त पार्श्वभूमी वाढवून घ्यावी?

आत्मकथनाच्या मुखपृष्ठावर लेखिकेचा बालपणीचा फोटो घ्यायचा, छटा फिकट ठेवायच्या आणि शीर्षकासाठी जागा सोडायची, असे ठरले की एआय चित्रनिर्मितीच्या साधनाला प्रॉम्प्ट देण्याचे दोन मार्ग समोर येतात. पहिल्या मार्गात फोटो साधनात चढवून त्यावरून संपूर्ण मुखपृष्ठ नव्याने घडवून घेतले जाते. दुसऱ्या मार्गात फोटोला हात न लावता फक्त कमी पडणारी पार्श्वभूमी वाढवून घेतली जाते, आणि छटा व अक्षरे यांचे काम नंतर मांडणीच्या वेळी स्वतंत्रपणे केले जाते. फोटोशिवाय, केवळ वर्णनावरून एखादे काल्पनिक मूल तयार करून घेण्याचा तिसरा मार्गही आहे. परंतु त्या चित्रातले मूल लेखिका नसते, म्हणून आत्मकथनासाठी त्याचा विचार येथे केलेला नाही.

तुलनेसाठी एक फोटो डोळ्यांसमोर ठेवू. पाच इंच रुंद आणि साडेतीन इंच उंच असा जुना रंगीत, आडवा फोटो आहे. सहा-सात वर्षांची मुलगी पायरीवर बसली आहे, मागे साधी भिंत आहे, तिचा पुढचा एक दात पडलेला आहे आणि फ्रॉकच्या खांद्याला सेफ्टी पिन लावलेली आहे. पुस्तकाचा आकार साडेपाच बाय साडेआठ इंच आहे.

पहिल्या मार्गातला प्रॉम्प्ट बहुधा असा लिहिला जातो: ‘या फोटोवरून आत्मकथनाचे मुखपृष्ठ तयार करा, जुनाट फिकट रंग ठेवा, वर शीर्षकासाठी जागा सोडा.’ काही क्षणांत एकसंध, डोळ्यांना सुखावणारे चित्र हाती येते आणि हाच या मार्गाचा खरा फायदा आहे. अडचण अशी की बहुतेक साधने अशा वेळी मूळ फोटो जपत नाहीत. त्याच्याकडे पाहून संपूर्ण चित्र पुन्हा रचतात. त्यामुळे चेहरा सारखा दिसतो, पण तोच राहत नाही. डोळे किंचित मोठे होतात, त्वचा गुळगुळीत होते, पडलेल्या दाताच्या जागी नीट दंतपंक्ती येते आणि सेफ्टी पिनेचे बटण होते. अनोळखी वाचकाला यातले काही जाणवणार नाही, परंतु लेखिकेच्या भावंडांना पहिल्याच नजरेत खटकेल. मजकुरात पडलेल्या दाताचा उल्लेख असेल, तर मुखपृष्ठ आणि पुस्तक एकमेकांना खोटे पाडतील. ‘चेहरा बदलू नका’ असे प्रॉम्प्टमध्ये लिहिल्याने बदल कमी होतो, पण थांबेलच याची खात्री देता येत नाही.

दुसरी अडचण ‘जुनाट’ या शब्दाची आहे. तो वाचून साधने ओरखडे, जळक्या कडा आणि एकसारखी तपकिरी झाक घालतात. रंगीत फोटो प्रत्यक्षात असा विटत नाही. अंधारात, अल्बममध्ये राहिलेल्या अनेक जुन्या रंगीत प्रतींमध्ये निळसर रंगद्रव्य आधी क्षीण होते, त्यामुळे चित्र तांबूस दिसू लागते. गडद भागही पूर्ण काळे न राहता विटकरी-करडे होतात. आपल्या फोटोत ही छटा मुळातच आहे, आणि तिच्यावर सरसकट तपकिरी थर चढवणे म्हणजे खरे जुनेपण पुसून उसने जुनेपण आणणे होय.

दुसऱ्या मार्गाला वेळ जास्त लागतो आणि थोडे गणित आधी करावे लागते. छपाईत कडा कापल्या जातात, म्हणून वर, खाली आणि बाहेरच्या बाजूला प्रत्येकी एक अष्टमांश इंच ब्लीड, म्हणजे कापून जाणारी जादा जागा, धरल्यास मुखपृष्ठाचे चित्र ५.६२५ बाय ८.७५ इंचाचे हवे. इंचाला ३०० पिक्सेल या हिशेबाने ते सुमारे १६८८ बाय २६२५ पिक्सेल होते. फोटो ६०० पीपीआयने, म्हणजे इंचाला ६०० पिक्सेल धरून, स्कॅन केला तर ३००० बाय २१०० पिक्सेल मिळतात, म्हणजे पूर्ण रुंदीभर बसवूनही तो स्पष्ट राहतो. त्या मापात फोटोची उंची जेमतेम चार इंच भरते, आणि वर सुमारे पावणेपाच इंच जागा उरते. साधनाकडून मागायची आहे ती एवढीच जागा.

```
चित्रातील भिंत वरच्या दिशेने वाढवा.
तोच रंग, तोच पोत, तीच मंद उजेडाची दिशा ठेवा.
वरचा भाग साधा आणि समान उजेडाचा असावा.
मूळ भागात कोणताही बदल करू नका.
```

या प्रॉम्प्टमध्ये शीर्षक, पुस्तक किंवा मुखपृष्ठ हे शब्द मुद्दाम घेतलेले नाहीत. ते आले की साधनाला अक्षरे काढण्याचा मोह होतो, आणि देवनागरीत मात्रा व जोडाक्षरे अनेकदा मोडतात. ‘अक्षरे नकोत’ असे लिहिण्यापेक्षा तेथे काय हवे, म्हणजे साधी भिंत, हे सांगितलेले अधिक लागू पडते.

या मार्गाचा आणखी एक लाभ आहे, आणि माझ्या मते तो फार मोलाचा आहे: मुलीचा चेहरा साधनात चढवण्याची गरजच पडत नाही. फोटोच्या वरच्या भागातला भिंतीचा पट्टा कापून तेवढाच दिला तरी भिंत वाढवून मिळते. फोटोत दुसरी मुले असतील आणि आज त्यांची परवानगी मिळणे कठीण असेल, तर हा फरक निर्णायक ठरतो. शिवाय लहान मुलांचे फोटो काही साधने स्वीकारत नाहीत. तो प्रश्नही येथे येत नाही.

या मार्गातही चूक होते, पण ती शोधता येते. वाढवलेली भिंत बहुधा जास्त स्वच्छ असते, तर मूळ फोटोत स्कॅनमधून आलेला बारीक रवा असतो. चित्र दुप्पट मोठे करून पाहिले की सांधा आडव्या रेषेसारखा दिसतो. त्यावर उपाय असा की आधी मूळ स्कॅन पुन्हा वरच्या लेयरवर ठेवावा, सांध्यापाशी मऊ मास्क द्यावा आणि रंगछटा व रवा यांचा एकच थर दोन्हींवर शेवटी चढवावा. पूर्ण फोटो साधनाला दिला असेल, तर मूळ आणि नवे चित्र एकमेकांवर बसवून ‘डिफरन्स’ हा ब्लेंड मोड लावावा; मूळ भाग जवळजवळ काळा दिसला तर तो अबाधित आहे, चेहऱ्याची बाह्यरेषा उजळ दिसली तर साधनाने त्याला हात लावला आहे.

छटा फिकट करताना गडद भाग थोडे उचलावेत आणि पांढरा रंग सायीकडे झुकवावा, पण मधल्या छटा फार दाबू नयेत, कारण ऑफसेट छपाईत शाईचे ठिपके पसरून त्या आणखी गडद होतात. भिंत फिकट असल्यामुळे शीर्षक गडद तपकिरी घेता येते. ते अंगठ्याएवढ्या आकारातही वाचता आले पाहिजे.

आत्मकथन असेल आणि फोटोतला चेहरा ओळखता येण्याइतका शाबूत असेल, तर मी दुसराच मार्ग निवडेन. चेहरा डागांखाली नाहीसा झाला असेल, किंवा मूल पाठमोरे आणि दूर उभे असेल, तर पहिला मार्ग स्वीकारार्ह ठरू शकतो. मात्र तेव्हा पुस्तकाच्या श्रेयपानावर ‘लेखिकेच्या फोटोवर आधारित चित्र’ असे लिहावे, ‘लेखिकेचा फोटो’ असे लिहू नये.