एक्सवरचे जुने डीएम एकगठ्ठा उडवायचेत: हाताने, स्क्रिप्टने की टूलने?

पद्धत निवडायच्या आधी एकच ठरवा, हे मेसेज लपवायचेत कोणापासून? कारण हाताने करा, स्क्रिप्ट चालवा नाहीतर पैसे देऊन टूल घ्या, जुन्या डीएममधे डिलीट होतं ते फक्त तुमच्या बाजूचं, समोरच्याच्या इनबॉक्समधे सगळं जसंच्या तसं राहतं.

आमच्या इंदूरचंच उदाहरण घ्या. रामबागेतल्या ओळखीच्या एका ताईंनी एप्रिल-मे 2021 मधे ऑक्सिजन सिलेंडर, बेड, प्लाझ्मा यांच्यासाठी एक हँडल चालवलं होतं. डीएममधे लोकांनी काय काय पाठवलंय, पेशंटचं नाव, वय, ऑक्सिजन लेवल, रिपोर्टचे फोटो, घरचा पत्ता, आणि कोणी न मागता आधार कार्डसुद्धा! आता ते हँडल कॉलनीतल्या पोरांना गणेशोत्सवासाठी द्यायचंय आणि पोरांना हे दिसायला नको. म्हणजे इथे लपवायचंय ते पुढे लॉगिन करणाऱ्यापासून, तर आपल्या बाजूने साफ केलं की काम झालं. पण ताईंनी स्वतःचा मोबाइल नंबर ज्या अनोळखी सप्लायरांना पाठवला होता, तो त्यांच्याकडून काढून घ्यायचा असेल, तर त्यासाठी यातली एकही पद्धत कामाची नाही.

असं का? डिलीटची कमांड ज्या अकाउंटने दिली त्याच्याच नजरेतून मेसेज जातो, संभाषणातल्या दुसऱ्या माणसाची हिस्टरी वेगळी धरली जाते. टूलवाले एक्सशी बोलायला जो एपीआय, म्हणजे बाहेरच्या प्रोग्रामसाठीचा दरवाजा, वापरतात त्याच्या माहितीतही हेच लिहिलेलं होतं, म्हणजे टूल कितीही भारी असलं तरी दरवाजा तोच. ब्लॉक केल्याने जुने मेसेज जात नाहीत, आणि अकाउंट डिअ‍ॅक्टिवेट करून 30 दिवस थांबलात तरी समोरच्याकडची हिस्टरी त्याच्याकडेच. एक्सच्या नव्या एन्क्रिप्टेड चॅटमधे सगळ्यांसाठी डिलीट आलंय खरं, पण 2021 च्या डीएमचा हिशोब त्यावर मांडू नका.

आता पद्धती. हाताने म्हणजे संभाषणावर जाऊन एकेक पूर्ण संभाषण डिलीट करायचं, एकेक मेसेज निवडत बसू नका, वेड लागेल. वीस-पंचवीस संभाषणं असतील तर मी डोळे झाकून हेच सांगेन, पासवर्ड कोणाला द्यावा लागत नाही. ब्राउजरच्या कन्सोलमधे पेस्ट करायची स्क्रिप्ट फुकट असते आणि भराभर क्लिक करते, पण तिला दिसतं तेवढंच, यादी स्क्रोल केल्याशिवाय पुढची संभाषणं लोड होत नाहीत, म्हणून ती 'झालं' म्हणते आणि खाली ढीग तसाच असतो. शिवाय कन्सोलमधली स्क्रिप्ट तुमच्या लॉगिननेच चालते, तिच्यात काय लिहिलंय हे वाचता येत नसेल तर भिया, राहू द्या.

ढीग मोठा असेल तर आर्काइव, म्हणजे एक्सकडून मिळणारी तुमच्या अकाउंटच्या डेटाची प्रत, वाचणारं टूल. सेटिंगमधे 'युअर अकाउंट'मधे जाऊन आर्काइव मागवायचं, ते यायला एक दिवस किंवा जास्तही लागतो, मग झिप उघडली की `data` फोल्डरमधे `direct-messages.js` मिळते (ग्रुपची फाइल वेगळी, `direct-messages-group.js`). आत साधारण असं दिसतं:

```
"conversationId" : "111-222",
"senderId" : "222",
"createdAt" : "2021-04-22T18:31:07.000Z"
```

111 आणि 222 हे दोघांचे आयडी, आणि वेळ यूटीसी आहे, साडेपाच तास मिळवा, म्हणजे हा मेसेज आपल्याकडे 23 एप्रिलला रात्री बारा वाजून एक मिनिटाने आलेला. तारखेने गाळणार असाल तर इथेच गडबड होते. टूलला ही यादी हातात असल्यामुळे स्क्रोलची भानगड राहत नाही. कम्प्युटरवरच चालणारं टूल मिळालं तर तेच घ्या, वेबसाइटवर झिप चढवणं म्हणजे लोकांचे रिपोर्ट आपणच तिसऱ्याला देणं. काम झालं की 'कनेक्टेड अ‍ॅप्स'मधे जाऊन परवानगी काढून टाका.

एक जागा हमखास राहते, मेसेज रिक्वेस्ट. ताईंकडे अनोळखी लोकांचेच मेसेज जास्त, त्यामुळे बरंचसं तिथेच पडलेलं. तो कप्पा वेगळा उघडून बघा, त्यातही खाली आणखी लपवलेल्या रिक्वेस्ट असतात.

साफ झालं का हे कळायला काही दिवसांनी परत आर्काइव मागवा आणि तीच फाइल उघडा. 2019 मधे एका सुरक्षा संशोधकाला आर्काइवमधे वर्षांपूर्वी डिलीट केलेले डीएम सापडले होते, म्हणून इनबॉक्स रिकामा दिसला एवढ्यावर विश्वास ठेवू नका. आणि तपासून झालं की दोन्ही झिप कम्प्युटरवरून, रिसायकल बिनमधूनसुद्धा काढा, मगच पोरांना पासवर्ड द्या.