बाराची कसोटी: ३ आणि ४, की २ आणि ६?

सदाशिव पेठेचा पिनकोड 411030. याला १२ ने भाग जातो का? स्कॉलरशिपच्या तयारीतली मुलं दोन वाटांनी जातात.

पहिली वाट २ आणि ६ ची. शेवटी शून्य, म्हणजे २ ने भाग जातो. अंकांची बेरीज ९, म्हणजे ३ नेही जातो, म्हणून ६ नेही. दोन गुणिले सहा बारा, झालं! पण प्रत्यक्ष भागून बघा: बाकी ६ उरते.

दुसरी वाट ३ आणि ४ ची. बेरीज ९, ठीक. शेवटचे दोन अंक ३०, त्याला ४ ने भाग जात नाही. विषय तिथंच संपतो. कोंढव्याचा 411048 घेतला तर बेरीज १८, शेवटी ४८. दोन्ही जमतात, आणि भागाकार 34254 येतो.

पहिली वाट फसते, कारण सहाच्या पोटात दोन आधीच आहे. सहाची कसोटी लागली की दोनची आपोआप लागते, नवीन काहीच कळत नाही. २ आणि ६ चा लसावि ६ च. त्यामुळे ६, १८, ३० असे सहाच्या विषम पटीतल्या सगळ्या संख्या बिनदिक्कत पास होतात. ३ आणि ४ सहमूळ आहेत, त्यांचा लसावि १२. माझं मत सरळ आहे: पहिली वाट शिकवूच नये.

सहा (२, ३) आणि पंधरा (३, ५) इथं असा घोळ होत नाही. 411030 पंधराला चालतो, 411048 नाही.