रिटेन्शनचा आलेख, सात महिने वापरून: फूटपट्टी, उखळ आणि गेलेले साडेतीन हजार

व्हिडिओच्या कुठल्या क्षणी किती टक्के प्रेक्षक पाहत होते हे दाखवणारा, यूट्यूब स्टुडिओमधला तो उतरत जाणारा आलेख कुठे सापडतो, हे इथल्या बहुतेकांना माहीत असेल, त्यामुळे ते सांगत बसत नाही. मी सांगतोय तो स्क्रीनशॉटवरून तो आलेख वाचण्याचा अनुभव. सात महिन्यांतला बराचसा काळ आम्ही तेच केलं, आणि त्यातले पहिले दोन महिने चुकीचं केलं.

चॅनल वहिनींचं, सोलापुरी स्वयंपाकाचं. लॉगिन दादाच्या फोनवर, आणि दादा आठवड्यातले पाच दिवस हैदराबाद रोडवर गाडी घेऊन. म्हणजे आम्हाला आलेख दिसायचा तो व्हॉट्सॲपवर, दादा कुठल्यातरी ढाब्यावर थांबून पाठवेल तेव्हा. फोटो दाबला गेलेला, खालचे आकडे पुसट. बरं, मूळ आलेखावर माउस फिरवला की प्रत्येक जागेची वेळ आणि टक्के दिसतात. स्क्रीनशॉटमध्ये उरते ती नुसती रेघ.

त्याच काळात एका ‘चॅनल वाढवून देतो’ म्हणणाऱ्याला आम्ही साडेतीन हजार रुपये दिले. त्याने शेंगा चटणीच्या व्हिडिओचा स्क्रीनशॉट मागवला, मधल्या एका खड्ड्याभोवती लाल गोल काढून परत पाठवला आणि लिहिलं, ‘इथे लोक सोडून जातात. उखळाचा भाग काढा, मिक्सर दाखवा.’ बस्स. वहिनी म्हणाल्या, “भाऊजी, उखळ काढल्यावर राहिलं काय मग त्यात?” मी त्यांना गप्प केलं. पैसे मोजलेल्या माणसाचं ऐकायचं असतं, असं मला तेव्हा वाटायचं.

पुढचा व्हिडिओ लसणाच्या चटणीचा, मिक्सरवाला. पहिल्याच आठवड्यात चार कमेंट: उखळ कुठं गेलं? आणि आलेखात मिक्सर फिरू लागला तिथून रेघ खाली आली ती पुन्हा वर आलीच नाही. मग मात्र माझं डोकं फिरलं. साडेतीन हजारात आमच्याकडे महिन्याचा किराणा येतो.

नवी पेठेतल्या झेरॉक्सवाल्याकडून शेंगा चटणीच्या आलेखाची दहा रुपयांची रंगीत प्रिंट काढली आणि पुतणीच्या कंपासमधली फूटपट्टी घेऊन बसलो. व्हिडिओ 8 मिनिटं 20 सेकंदांचा, म्हणजे 500 सेकंद. प्रिंटवर आलेखाची रुंदी बरोबर 20 सेंटिमीटर आली, हे नशीबच. एक सेंटिमीटर म्हणजे 25 सेकंद, एक मिलिमीटर म्हणजे अडीच सेकंद. कडेला जिथे खरंच शून्य लिहिलंय तिथून मोजायचं, चित्राच्या काठापासून नाही. पहिल्यांदा मी काठापासून मोजून वीसेक सेकंद चुकलो होतो. उंची तशीच मोजायची, पण ती शंभराच्या रेषेशी लावून. कारण एखादा भाग लोकांनी मागे नेऊन पुन्हा पाहिला तर तो पुन्हा मोजला जातो, त्यामुळे रेघ शंभराच्या वरही जाऊ शकते आणि वरची कड शंभरचीच असेल असं नाही.

लाल गोलातला खड्डा निघाला 5.6 ते 7.2 सेंटिमीटर, म्हणजे 2:20 ते 3:00. व्हिडिओ लावला. 2:20 ला वहिनी मंद आचेवर शेंगदाणे भाजतायत आणि ‘घाई करायची नाही’ असं तिसऱ्यांदा सांगतायत. उखळ येतं तीन मिनिटांना. म्हणजे त्या माणसाने व्हिडिओ लावून पाहिलाच नव्हता!

त्याहून मोठी गोष्ट खड्ड्याच्या आकारात होती. रेघ 54 वरून 46 वर उतरते आणि तीन मिनिटांजवळ परत 53 वर चढते. गेलेला माणूस परत येऊन रेघ चढवत नाही. हा आलेख त्या त्या सेकंदाला किती जण होते ते सांगतो, आणि ज्याने स्क्रीनवर दोनदा टकटक करून दहा-दहा सेकंद पुढे उडी मारली, तो मधल्या सेकंदांत मोजलाच जात नाही. लोक शेंगा भाजणं टाळून थेट उखळावर येत होते. ज्या भागासाठी उड्या मारत होते, तोच आम्ही कापला.

तेव्हापासूनचा माझा नियम: खड्डा पडून रेघ वर आली तर लोकांनी भाग वगळलाय, कडा कोसळून खालीच राहिली तर लोक गेलेत. पहिल्यात तो भाग आखूड करायचा. दुसऱ्यात कडा सुरू होते त्याच्या चार-पाच सेकंद आधी काय बोललं गेलं ते ऐकायचं, कारण माणूस आधी कंटाळतो आणि मग अंगठा हलवतो.

आमच्या आलेखात खरी कडा कुठे होती? 5:40 ला. डोळ्याला ती छोटी वाटते, कारण सुरुवातीचा उतार प्रचंड दिसतो: पहिल्या 30 सेकंदांत रेघ 100 वरून 64 वर. त्याला पाहूनच सगळे घाबरतात. पण चुकून दाबणारे, दुसरंच काही शोधणारे तिथेच गळतात, तसा उतार आमच्या प्रत्येक व्हिडिओत आहे. 5:40 ते 6:00 मध्ये रेघ 44 वरून 27 वर आली. फूटपट्टीवर सतराच टक्के, पण चव्वेचाळीसमधले सतरा म्हणजे राहिलेल्यांपैकी शंभरातले जवळपास एकोणचाळीस. पहिल्या अर्ध्या मिनिटात गेले त्याहून जास्त प्रमाणात, आणि वीसच सेकंदांत. तेव्हा उतार मोजताना शंभराला नाही, त्या क्षणी उरलेल्यांना भागायचं.

5:36 ला वहिनी काय म्हणतात? “तर झाली आपली चटणी तयार.” आणि मुसळ बाजूला ठेवतात. त्यानंतर अडीच मिनिटं बरणी, किती दिवस टिकते, बाजरीच्या कडक भाकरीबरोबर कशी लागते. आपणच ताट उचललं तर पंगत उठणारच की! 

इथवर मी या आलेखाला पाचपैकी पाच तारे देऊन बसलो होतो. मग एक तारा कमी करावा लागला.

त्याच आलेखात 1:10 ला एक टेंगूळ होतं, 58 वरून 66. मी खूश. वाटलं, लोकांना हे फार आवडलंय, असंच आणखी करू. तिथे वहिनी प्रमाण सांगतात: शेंगदाणे, तिखट, लसूण, जिरं, मीठ, सगळं एका दमात, आणि स्क्रीनवरची अक्षरं तीन सेकंदांत गायब. खाली कमेंटमध्ये सहा जणांनी विचारलेलं, तिखट किती? लोक आवडलं म्हणून मागे जात नव्हते, ऐकू आलं नाही म्हणून जात होते. आलेखाला या दोन्हींतला फरक कळत नाही. टेंगूळ दिसलं की कमेंट वाचा आणि तो भाग कान देऊन ऐका, दुसरा इलाज मला सापडलेला नाही. वर्णनात वेळ लिहून चॅप्टर पाडले असतील तर त्या-त्या सुरुवातीलाही अशी टेंगळं येतात, कारण लोक थेट तिथे उतरतात.

पुढच्या व्हिडिओत, कडक भाकरीच्या, आम्ही प्रमाण बारा सेकंद स्क्रीनवर ठेवलं, टिकवण्याच्या गोष्टी भाकरी भाजता भाजताच सांगितल्या, आणि ‘झालं’ हा शब्द न उच्चारता 6:05 ला व्हिडिओ संपवला. टेंगूळ गेलं. शेवटची कडा अगदी शेवटाला सरकली. व्हिडिओ सरासरी किती टक्के पाहिला जातो तो आकडा 44 वरून 58 वर गेला आणि दादाने ढाब्यावरून फोन करून पेढे मागितले.

मी हिशोब केला. 500 सेकंदांचे 44 टक्के म्हणजे 3 मिनिटं 40 सेकंद. 365 सेकंदांचे 58 टक्के म्हणजे साधारण 3:32. माणूस पूर्वीपेक्षा आठ सेकंद कमी थांबला! व्हिडिओ आखूड केला की टक्के आपोआप फुगतात. दोन वेगळ्या लांबीच्या व्हिडिओंची टक्केवारी शेजारी ठेवायची नाही, सेकंद पण बघायचे. पेढे तरी आले, सातरस्त्यावरून, माझ्याच खिशातून.

एक तक्रार मात्र शेवटपर्यंत राहणार: स्क्रीनशॉटवर तो कुठल्या दिवसाचा आणि किती व्ह्यूंचा आहे, हे बहुतेक वेळा येतच नाही. शेंगा चटणीचा तिसऱ्या दिवशीचा आलेख माझ्याकडे आहे, 180 व्ह्यूंचा. आठव्या सेकंदाला भिंत कोसळावी तशी रेघ कोसळलीय. ते सगळे आमचे पाहुणे! घरच्या ग्रुपवर लिंक गेली, प्रत्येकाने उघडलं, अंगठा दिला, बंद केलं. महिन्याने 1,900 व्ह्यू झाल्यावर ती भिंत राहिलीच नाही. 180 व्ह्यू असताना एक टक्का म्हणजे दोन माणसं. कोणाच्या दारावर दूधवाला आला तरी रेघ हलते. तेव्हा दादाला ताकीद दिली: तारीख आणि व्ह्यू दिसतील असा दुसरा स्क्रीनशॉट सोबत पाठवायचा, आणि पहिल्या दोन आठवड्यांत पाठवायचाच नाही.

आणि हे लिहिताना हसू येतं, पण लिहितो. पाचव्या महिन्यात पुतणीने सेटिंगमध्ये `Permissions` उघडून मला `Viewer` म्हणून जोडलं. फुकट, दोन मिनिटांत. आता माझ्या लॅपटॉपवर रेषेवर माउस नेला की वेळ आणि टक्के दोन्ही दिसतात. तोवर मी मिलिमीटर मोजत होतो. तरीही प्रिंट काढतोच, कारण दोन व्हिडिओंचे आलेख ओट्यावर शेजारी ठेवून वहिनींना दाखवता येतात.

गेल्या आठवड्यात त्या साडेतीन हजारवाल्याचा मेसेज आला, पुन्हा पॅकेज घ्या म्हणून. सोबत त्याच्या दुसऱ्या कुठल्यातरी ग्राहकाचा आलेख, एका टेंगळाभोवती हिरवा गोल: ‘बघा, प्रेक्षकांना हा क्षण किती आवडला.’ वहिनी पिठाच्या हाताने फोनवर वाकल्या. “तिथं काय बोललाय ओ तो माणूस,” त्या म्हणाल्या, “जे लोकांना दोनदा ऐकावं लागालंय?”